एका बापाचे दोन मुलगे, एक बार्बोझा आणि एक रांजेल

गोव्याच्या सासष्टी तालुक्यात राय नावाचं गाव आहे. १५९४ साली या गावातल्या एका गावकाराच्या मुलाचा बाप्तिस्मा झाला. गावच्या जुन्या नोंदीत बापाचं नाव पेरो पारास असं येतं. मुलाला नवं नाव मिळालं, सेबास्तियाव बार्बोझा. पंधरा वर्षांनी, १६०९ मध्ये, याच बापाचा दुसरा मुलगा ख्रिस्ती झाला. त्याचं नाव पडलं जुआंव रांजेल.

पुन्हा एकदा वाचा. बाप एक, गाव एक, घर एक. धर्मही शेवटी दोघांचा एकच झाला. तरी एक भाऊ बार्बोझा आणि दुसरा रांजेल! थोरल्याच्या पोरांना बार्बोझा हे आडनाव लागलं, धाकट्याच्या पोरांना रांजेल. चार पिढ्या गेल्यावर ही पोरं एकमेकांची चुलतभावंडं आहेत हे नुसत्या नावावरून कुणाला ओळखता येईल?

आता उलट टोकाची गोष्ट पाहा. सासष्टीतल्याच बाणावली गावचा रामा प्रभू, दादो विठ्ठल प्रभूंचा मुलगा, बाप्तिस्म्यानंतर फ्रान्सिस्को फर्नांडिस झाला. नारा पैंचा मुलगा महाबळ पै १५९६ साली मानुएल फर्नांडिस झाला. म्हणजे इथे एक प्रभू आणि एक पै, दोन निराळ्या बापांचे मुलगे, आणि दोघांचं आडनाव मात्र एकच.

सख्खे भाऊ नावाने परके झाले आणि परके नावाने सख्खे. हे घडलं कसं? कुणी मुद्दाम घरं फोडायला बसलं होतं का? की पाद्री महाराज समोर येईल त्याला सुचेल ते नाव देत सुटले होते? खरं उत्तर फार सुंदर आहे आणि ते बाप्तिस्म्याच्या वेळी मागे उभ्या राहणाऱ्या एका माणसापाशी सापडतं.

त्या माणसाला गोव्यात पाद्रीन म्हणतात, म्हणजे धर्मपिता. बाप्तिस्म्याचं पाणी डोक्यावर पडताना नव्या ख्रिश्चनाच्या बाजूने जबाबदारी घेणारा कुणीतरी लागतो. तान्ह्या मुलाच्या बाप्तिस्म्यात हे सोपं असतं, कारण काका, मामा, शेजारी असे ख्रिस्ती लोक घरचेच असतात. पण सोळाव्या शतकातल्या गोव्यात अख्खं कुटुंब हिंदू आणि बाप्तिस्मा घेणारा त्यातला पहिलाच. त्याच्या मागे उभा राहायला ख्रिस्ती माणूस आणायचा कुठून? तो पोर्तुगिजांतूनच यायचा. कधी तो शिपाई असे, कधी व्यापारी, कधी अंमलदार, कधी स्वतः पाद्री, आणि माणूस मोठा असेल तर थेट गव्हर्नर.

आणि रिवाज असा पडला की पाद्रीनने आपलं आडनाव नव्या ख्रिश्चनाला द्यायचं.

एवढी एक किल्ली हातात आली की सगळी कुलुपं उघडतात. राय गावच्या थोरल्या भावाच्या बाप्तिस्म्याला जो पाद्रीन लाभला तो एक, आणि पंधरा वर्षांनी धाकट्याला लाभला तो दुसरा. फर्नांडिस हे पोर्तुगालमधलंच घरोघरी आढळणारं आडनाव, त्यामुळे फर्नांडिस आडनावाचे पोर्तुगीजही गोव्यात पुष्कळ. एका फर्नांडिसने प्रभूंच्या मुलामागे उभं राहावं, दुसऱ्याने पैंच्या मुलामागे, यात नवल ते काय! आज गोव्यात फर्नांडिस, रॉड्रिग्ज, परेरा आणि डिसोझा उदंड दिसतात याचं कारण हेच. पोर्तुगालमध्ये जे आडनाव जास्त, ते पाद्रीनांतही जास्त, म्हणून गोव्यातही जास्त.

मोठ्या माणसांची गोष्ट तर आणखी रंगतदार आहे. १५४८ साली गोवा शहरातल्या लोकू नावाच्या एका वजनदार ब्राह्मणाने बाप्तिस्मा घेतला. त्या वेळी गव्हर्नर होता गार्सिया द सा. तोच लोकूचा पाद्रीन झाला. लोकूचं नवं नाव काय? लुकास द सा. लोकू या हाकेशी जुळणारं लुकास हे संताचं नाव, आणि त्यापुढे गव्हर्नरचं आडनाव. अशा समारंभाला शहर लोटत असे. ज्याच्या नावाने हुकूम सुटतात त्याचंच नाव आपल्या नावापुढे लागणं म्हणजे दरबारात कायमची ओळख मिळणं. लोकूसारख्या माणसाला त्याची किंमत कुणी सांगायला नको होती.

कुडतरीच्या महाबळ कामतीचं उदाहरण तर याहून पुढचं. १६०७ साली त्याचं नाव पडलं आलेशो मिनेझिस. त्या वर्षी गोव्याचा आर्चबिशप कोण होता माहीत आहे? आलेशो द मिनेझिस! शिवाय त्याच वर्षी गव्हर्नरपदही त्याच्याकडेच आलं होतं. महाबळला नुसतं आडनाव मिळालं नाही, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत अख्खा माणूसच नावात मिळाला. याला योगायोग म्हणवत नाही.

ही गंमत ध्यानात ठेवून गोव्याच्या व्हाइसरॉयांची यादी वाचावी. मास्कारेन्हस, नोरोन्हा, मिनेझिस, ब्रागांझा. ही यादी लिस्बनच्या सरदारांची की म्हापशाच्या बाजारात भेटणाऱ्या माणसांची, असा प्रश्न पडतो. ब्रागांझा हे तर पुढे पोर्तुगालच्या राजघराण्याचं नाव. ते गोव्यातही रुजलं. चांदरचे लुईस द मिनेझिस ब्रागांझा हे पोर्तुगीज सत्तेवर निर्भयपणे लिहिणारे पत्रकार, आणि त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा यांना तर गोव्याच्या राष्ट्रीय चळवळीचे जनक मानतात. लिस्बनच्या राजघराण्याचं आडनाव लावणाऱ्या माणसाने लिस्बनच्या सत्तेविरुद्ध उभं राहावं, हे मला या साऱ्या कथेतलं सर्वांत रोमांचक वळण वाटतं.

आता एक प्रश्न सरळ विचारायला हवा. आपल्या पूर्वजांचं आडनाव सोडणं एवढं सोपं होतं का? आणि भावाभावांची आडनावं वेगळी होताना पोर्तुगीज कारकुनालाही त्यात काही विचित्र वाटलं नाही का?

कारकुनाचं आधी सांगतो. त्याला खरोखरच काही वाटलं नसणार, कारण त्या काळी पोर्तुगालमध्येच सख्ख्या भावंडांची आडनावं वेगवेगळी असत. एका मुलाने बापाचं आडनाव घ्यावं, दुसऱ्याने आईचं, तिसऱ्याने ज्या आजीकडून वतन मिळायचं तिचं, असं सर्रास चाले. एक घर म्हणजे एकच आडनाव हा नियम युरोपातल्या त्या टोकालाही अजून पक्का झालेला नव्हता. बार्बोझा आणि रांजेल हे सख्खे भाऊ आहेत असं त्याला कुणी सांगितलं असतं तर त्याने मान डोलावून पुढचं नाव लिहिलं असतं.

आणि आपल्याकडे? प्रभू, पै, कामत, नायक ही नावं आज आपण आडनावं म्हणून वापरतो, पण त्या काळात ती घराण्याचा मान, हुद्दा किंवा काम सांगणारी होती. माणसाची ओळख पटे ती त्याच्या नावाने, बापाच्या नावाने आणि गावाने. रामा कोण? दादो विठ्ठल प्रभूंचा, बाणावलीचा. सरकारी अर्जाच्या रकान्यात भरायचं, बापाकडून मुलाकडे न बदलता जाणारं आडनाव ही पुष्कळ पुढची गोष्ट. दोन्ही बाजूंना आडनाव लवचीक होतं म्हणून ते वाकलं. आजच्या पक्क्या आडनावांच्या जगातून मागे पाहताना आपल्याला जो धक्का बसतो, तो त्या माणसांना त्याच जागी बसला असेल असं धरून चालू नये.

पण त्यांना धक्का बसलाच नाही असंही कुणी समजू नये. ही सगळी नावं शांतपणे, निवांत मनाने बदलली गेली असा समज करून घेणं अन्यायाचं होईल. १५४० च्या सुमारास तिसवाडीतली देवळं पाडली गेली, १५६७ च्या आसपास सासष्टीतली. १५५९ च्या कायद्याने हिंदूंची पोरकी मुलं धर्मसंस्थेच्या ताब्यात देण्याची सोय झाली. देव घेऊन लोक नदीपलीकडे पळाले. कुठ्ठाळीचा मंगेश १५६० साली फोंड्याच्या बाजूला गेला आणि आज आपण त्या जागेला मंगेशी म्हणतो. जे गेले ते प्रभू आणि कामत राहिले. जे मागे राहिले त्यांच्यापुढे जमीन, देव आणि नाव यांतलं काय राखायचं हा प्रश्न होता. काहींनी मनापासून नवा धर्म घेतला, काहींनी दबावाखाली, काहींनी हिशोब करून. एकाच उत्तराने साऱ्यांची मनं सांगता येत नाहीत.

नकाशावर हे आजही दिसतं. तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी या जुन्या काबिजादी, म्हणजे पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकातच घट्ट धरलेला मुलूख. तिथल्या गावागावांत पोर्तुगीज आडनावं भरलेली आहेत. फोंडा, डिचोली, पेडणे, सत्तरी, काणकोण हा मुलूख त्यांच्या हाती आला तो अठराव्या शतकात. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता. म्हणून जुवारी ओलांडून फोंड्याकडे निघालं की दारांवरच्या पाट्या बदलतात. दोनशे-अडीचशे वर्षांचा फरक आणि त्याची खूण पाट्यांवर!

आता या कथेतल्या खऱ्या चमत्काराकडे येऊ. राय गावच्या दोन भावांची हकीगत आपल्याला चारशे वर्षांनी कळली कशी? भावांची आडनावं वेगळी, बापाचं तिसरंच. मग हे एका घरातले आहेत हे कुणी लिहून ठेवलं?

गावकरीने. गोव्यात पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीपासून गाव चालवणारी ही संस्था होती. गाव वसवणाऱ्या मूळ कुळांना वांगड म्हणत आणि त्या कुळांतल्या पुरुषांना गावकार. भातशेती, खाजणं, बांध, मानशी, सगळं गावकरीच्या मालकीचं. शेतं पावणीने दिली जात, त्या पैशातून बांध राखले जात, सरकारचा वसूल भरला जाई, गावातल्या नोकरांना देणं दिलं जाई आणि उरलेल्यातून गावकारांना वाटा मिळे. त्या वाट्याला झण म्हणतात. १५२६ साली पोर्तुगिजांनी या संस्थेचे रीतिरिवाज लेखी नोंदवून घेतले आणि तिला मोडण्याऐवजी तिच्याकडूनच वसूल घेणं पसंत केलं. पुढे तिला कोमुनिदाद असं नाव पडलं. गावकरीची वही म्हणजे सातबारा आणि वंशावळ एकाच बांधणीत.

आता विचार करा, एखाद्या गावकाराचा मुलगा ख्रिस्ती झाला आणि त्याचं नाव सेबास्तियाव बार्बोझा पडलं. वर्षअखेरीस वाटा घ्यायला तो गावकरीच्या बैठकीत आला. लेखक वहीत काय लिहील? नुसतं सेबास्तियाव बार्बोझा लिहिलं तर हा कोण, कुठल्या वांगडाचा, कशाच्या जोरावर झण मागतो, हे कुणाला कळणार? म्हणून अमक्याचा मुलगा, आता याचं नाव सेबास्तियाव बार्बोझा, असं लिहिणं भागच होतं. हक्क बापाकडून आला होता, म्हणून बापाचं नाव पुसता येत नव्हतं. धर्माने दिलेलं नवं नाव आणि जमिनीने राखलेलं जुनं नाव एका ओळीत येऊन बसलं. वर उल्लेख आला त्या जवळजवळ साऱ्या नावजोड्या अशाच, गावकारांच्या आहेत.

वांगड म्हणजे काय याचा उलगडा इथेच होतो. आडनावाने घर सांगायचं काम सोडलं आणि ते काम वांगडाने उचललं. गावकरीत कोण आधी बसणार, कुणाची सही आधी पडणार, हे वांगडांच्या क्रमाने ठरत असे. त्यामुळे एका वांगडात बार्बोझा आणि रांजेल शेजारी शेजारी बसले तरी कुणाचा गोंधळ होत नसे. बाहेरच्या माणसाला चार आडनावं दिसत, गावाला एक कूळ दिसे. जात सुद्धा अशीच टिकली. बामण आणि चार्डे हे भेद ख्रिस्ती समाजात चालू राहिले, आणि तेही आडनावाच्या आधाराशिवाय! कुणी परेरा बामण, कुणी परेरा चार्डो, तर कुणी परेरा दोन्ही नाही. नाव ऐकून काहीच कळत नसे, गाव आणि वांगड विचारलं की सगळं कळे. नाव बदललं की जात गळून पडते अशी आशा ज्यांना वाटत असेल, त्यांनी हा पुरावा नीट पाहावा.

मग आज एखाद्या बार्बोझा कुटुंबाला आपलं जुनं नाव शोधायचं असेल तर काय करावं लागेल? आधी मूळ गाव कोणतं ते पक्कं करायचं. मडगावात किंवा मुंबईत राहणारं कुटुंब तिथलंच असतं असं नाही. जिथे झण मिळत होता ते मूळ गाव. मग वांगड कितवं ते विचारायचं. जुन्या लोकांना तो आकडा पुष्कळदा तोंडपाठ असतो. त्यानंतर कोमुनिदादच्या नोंदणीच्या वह्या. मुलगा गावकार म्हणून नोंदवला जाताना बापाचं नाव लिहिलेलं असतं, त्या बापाच्या नोंदीत त्याच्या बापाचं. असं एकेक पायरी मागे जायचं. वाटेत चर्चच्या बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या नोंदींशी ताडून पाहायचं. पणजीचं पुराभिलेख खातं यासाठी मोठा आधार. त्याची सुरुवात १५९५ सालची, आणि पहिला रखवालदार दियोगु द कौतु हा स्वतः इतिहासकार होता. नशीब जोरावर असेल तर मागे जाता जाता एके दिवशी अशी ओळ भेटते जिथे मुलगा ख्रिस्ती आहे आणि बाप अजून प्रभू आहे.

वाट चुकते कुठे हेही ठाऊक हवं. सर्वांत मोठी चूक म्हणजे आडनाव सारखं दिसलं की नातं जोडणं. दोन डिसोझांचं नातं असेलच असं नाही, पाद्रीन वेगवेगळे असू शकतात. दुसरी चूक म्हणजे पोर्तुगीज आडनाव म्हणजे अंगात पोर्तुगीज रक्त, असं धरणं. पाद्रीनने नाव दिलं, रक्त दिलं नाही. तिसरी चूक हाताने लिहिलेल्या वह्यांतली. कानाला ऐकू आलेलं कोकणी नाव पोर्तुगीज लेखकाने आपल्या वळणाने लिहिलं, त्यातून काही नावं अशी बाहेर पडली की मूळ उच्चार कोणता ते ठरवताना अभ्यासकांचीही दमछाक होते.

आणि एक मर्यादा अशी आहे की ती मनाला लागते. गावकरीच्या वहीत गावकार पुरुषच आहेत. स्त्रियांना झण नव्हता, म्हणून त्यांची नावं नाहीत. गावडे, कुणबी, महार, दुसऱ्याच्या जमिनीवर राहणारे मुंडकार, यांचाही वाटा नव्हता. बाप्तिस्मा त्यांचाही झाला, पाद्रीनांची आडनावं त्यांनाही मिळाली. पण आधी त्यांची हाक काय होती हे लिहून ठेवायची गरज कुणालाच वाटली नाही. आपण जी जुनी नावं शोधून काढतो आणि हरखतो, ती जमीन असलेल्यांची आहेत. गोव्याच्या फार मोठ्या समाजाची जुनी नावं कुठल्याच कागदावर आलेली नाहीत. गावड्यांच्या एका मोठ्या समूहाने १९२८ मध्ये मसूरकर महाराजांच्या शुद्धी चळवळीत हिंदू धर्म घेतला, तेव्हा त्यांना पुन्हा एकदा नवी नावं मिळाली. पोर्तुगीज नाव गेलं आणि हिंदू नाव आलं, पण पणजोबाच्या पणजोबाची मूळ हाक काही परत आली नाही.

गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांनी मात्र एक विलक्षण गोष्ट केली. चर्चच्या वहीत मशाद, लोबो, डिसोझा, आणि घरात, आप्तांत प्रभू, कामत, पै, शेट. गावकरी मागे राहिली, झण सुटला, वही हातातून गेली. तरी हे दुसरं नाव पिढ्यान्‌पिढ्या तोंडातोंडी चालत आलं, सोयरीक जुळवताना विचारलं गेलं. मंगळूरच्या ख्रिस्ती समाजाचा इतिहास लिहिणारे अ‍ॅलन मशाद प्रभू यांनी तर पुस्तकावर दोन्ही नावं एकापुढे एक छापली. मशाद आणि प्रभू, पाद्रीन आणि पूर्वज, दोघेही एकाच मुखपृष्ठावर!

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे सगळं दूरचं वाटत असेल तर वसईकडे पाहा. १५३४ साली वसई पोर्तुगिजांकडे गेली, १७३९ साली चिमाजीअप्पांनी ती जिंकली. राज्य गेलं तरी आडनावं राहिली. परेरा, लोपीस, डाबरे, दिब्रिटो ही मंडळी पेशवाईतही वसईतच होती, आपल्या बोलीत बोलत होती आणि आजही बोलतात. २०२० साली उस्मानाबादला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. आडनाव पोर्तुगीज, मराठी अशी की ऐकत राहावी.

आता दिब्रिटोंच्या शेजारी दुसरं नाव ठेवा. रेव्हरंड नारायण वामन टिळक. तेही ख्रिस्ती, तेही मराठी लेखक, आणि आडनाव अस्सल कोकणस्थ! १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा झाला आणि टिळक टिळकच राहिले. १८५४ साली ख्रिस्ती झालेले बाबा पदमनजी पदमनजीच राहिले. धर्म तोच, मग नाव का नाही बदललं?

उत्तर पुन्हा त्या मागे उभ्या राहणाऱ्या माणसापाशी आहे. टिळकांचा बाप्तिस्मा अमेरिकन मिशनचा, आणि बाबा पदमनजींचं शिक्षण झालं ते स्कॉटिश मिशनऱ्यांच्या शाळेत. या दोन्ही पंथांच्या परंपरेत पाद्रीन नावाचा माणूसच नाही. त्यांच्याकडे मुलाची हमी आईबाप देतात आणि मोठा माणूस स्वतःची श्रद्धा स्वतः सांगतो. मागे कुणी उभाच नाही, तर आडनाव देणार कोण? अँग्लिकन चर्चमध्ये धर्मपिता असतो, पण तो आडनाव देत नाही. म्हणून तिथे पहिल्या नावात बदल झाला आणि आडनाव शाबूत राहिलं. नीळकंठशास्त्री गोरे १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले आणि नेहेम्या गोरे म्हणून ओळखले जाऊ लागले. पंडिता रमाबाईंना १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्म्याच्या वेळी मेरी हे नाव मिळालं, आणि लोकांनी ते कधी वापरलंच नाही.

काळाचाही यात हात आहे. सोळाव्या शतकातल्या गोव्यात चर्च आणि राज्य एकाच पंक्तीत होते, नवा ख्रिस्ती म्हणजे राजाचा नवा माणूस. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबई-पुण्यात इंग्रजांचं सरकार बाप्तिस्म्याला पाद्रीन म्हणून येत नव्हतं. शिवाय शाळेचे दाखले, कोर्टाचे कागद, सरकारी नोकऱ्या यांमुळे आडनाव आता पक्कं होत चाललं होतं. टिळकांना तर आपण मराठी आहोत हे ख्रिस्ती होऊनही ठामपणे सांगायचं होतं, आणि त्यासाठी टिळक हे नाव पुरेसं होतं.

तुमचं घराणं गोव्याचं, मंगळूरचं किंवा वसईचं असेल, आणि घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल, तर या महिन्यातच त्यांच्याजवळ बसा. मूळ गाव कोणतं, वांगड कितवं, घराला गावात काय म्हणतात, आजीचं माहेर कुठलं आणि तिच्या माहेरच्यांना काय हाक मारत, एवढं विचारा आणि तारीख घालून लिहून ठेवा. आजीच्या माहेरची हाक तर विसरूच नका, कारण ती गावकरीच्या वहीत सापडणार नाही.